ख पासून क पर्यंत

लिडिया गावितला स्वप्नं पडायची ती बहुधा दिवसा, आणि बहुधा परीक्षेत. घरी आई म्हणायची, ही पोरगी चुलीपुढे बसली की भाकरी करपते, आणि ते अगदी खरं होतं. पण करपलेली भाकरी कुत्र्याला घालता येते. करपलेल्या पेपरचं काय करायचं?

नंदुरबारच्या कॉलेजात ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. बाकी सगळे विषय सुटले होते, फक्त अल्गोरिदम मागे राहिला होता. दोनदा नापास. नियमाप्रमाणे ही तिसरी आणि शेवटची संधी, ही गेली तर तीन वर्षं पाण्यात. मग नवापूरकडच्या आपल्या डोंगरातल्या गावी परत जायचं आणि दर दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला. ऊसतोडीत वाईट काही नव्हतं, तिचं सगळं घर त्यावर चालत होतं. पण कोयता एकदा हातात आला की तो सहजी सुटत नाही, हे तिनं आपल्या दोन मावशींकडे पाहून चांगलं ओळखलं होतं.

आणि नापास व्हायचं कारण काय, तर म्हणे येत नव्हतं म्हणून? छे. येत होतं, जरा जास्तच येत होतं. गोल काढून रेषांनी जोडलेलं चित्र पुढे आलं की बाकीच्यांना गोल आणि रेषा दिसायच्या. लिडियाला गावं दिसायची. रेषेवरचा आकडा म्हणजे तिथपर्यंतची चाल. मग ती एखाद्या गोलात शिरायची, तिथल्या मोहाच्या झाडाखाली जरा बसायची, आणि तेवढ्यात घंटा व्हायची. मागच्या दोन्ही वेळा जवळची वाट काढायचा तिचा तक्ता अर्ध्यावर राहिला तो असा.

"गावं बघू नकोस गं, अक्षरं बघ," कामिनी मॅडम तिला सांगून थकल्या होत्या. मॅडम तापीकाठच्या, केळीच्या बागायतदारांच्या घरातल्या. शिकवायला कडक, पण पोरांवर जीव असलेल्या. लिडिया नापास झाली की त्याच जास्त चिडायच्या.

त्या दिवशी सकाळपासून हवेत मिरचीचा ठसका होता. हंगाम होता, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत पसरली होती आणि लॅबच्या खिडकीतून नुसता लाल पट्टा दिसत होता, उन्हात हलल्यासारखा. परीक्षेला दोघंच. लिडिया आणि योगेंद्र, तोही तापीकाठचाच, ज्याला पास होण्याची घाई होती कारण वडिलांनी त्यावर मोटरसायकल कबूल केली होती.

बाहेरचे परीक्षक नवापूरहून यायचे होते. चुनीलाल सर. त्यांनी प्रश्न वाटेतच एका कागदावर हातानं काढला, मोबाइलवर फोटो काढून मॅडमना पाठवला आणि मॅडमनी त्याच्या दोन प्रिंट काढल्या. सर पोचले ते थेट प्राचार्यांच्या खोलीत चहाला. पेपर लिहून झाला की तोंडी परीक्षेला येतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

"काय वं पोरी, अशी काय देखी ऱ्हायनी?" कागद वाटता वाटता तिची बावरलेली नजर बघून शिपाई भिकनदादा अहिराणीत हळूच म्हणाले. "घाबरू नको. सर काही वाघ नही शे."

लिडिया हसली आणि तिनं कागद पुढे ओढला.

फोटो जरा तिरका आला होता. एका कोपऱ्यात सरांच्या अंगठ्याची सावली. मधे सहा गोल: अ, क, ख, ग, घ, च. अ पासून च पर्यंत सर्वांत कमी अंतराची वाट काढा, तक्ता पायरी पायरीनं दाखवा, एकच उत्तर लिहा, दोन उत्तरं लिहिल्यास तपासली जाणार नाहीत. अ पासून क पर्यंत चार. अ पासून ख पर्यंत दोन. ख ते घ आठ, क ते ग पाच, ग ते च तीन, ग ते घ चार, घ ते च सहा. आणि ख ते क नऊ. सगळे रस्ते जायला-यायला सारखे.

ती लगेच त्यात शिरलीच. अ म्हणजे विसरवाडी, तिनं ठरवूनही टाकलं, कारण तिथूनच सगळीकडे रस्ते फुटतात. पण या वेळी तिनं स्वतःला दम दिला. बस, पण हात चालू ठेव. स्वप्न बघायचं तर पेन धरून बघ.

तिनं तक्ता आखला. अ खाली शून्य, कारण आपण तिथेच उभे आहोत. बाकी सगळ्यांखाली आडवा आठ, अनंत. या अनंताची पोरांना उगाच भीती वाटायची. लिडियाला कधी वाटली नाही. अनंत म्हणजे रस्ता नाही असं थोडंच आहे? अनंत म्हणजे त्या गावापर्यंत अजून निरोप पोचलेला नाही, एवढंच. गावं आपली जागेवर आहेत, दारात उभी राहून वाट बघताहेत.

अ मधून निरोप निघाला. क ला कळलं, चारावर आहेस. ख ला कळलं, दोनावर आहेस. हे दोन्ही आकडे अजून तात्पुरते. आता यातला सर्वांत लहान कोण, तर ख. ख कायम. लिडियानं त्याभोवती चौकोन केला. चौकोन झाला की त्या गावाला पुन्हा हात लावायचा नाही.

मग ख मध्ये उभं राहून पुढे बघायचं. घ इथून आठ, म्हणजे दोन आणि आठ, दहा. क इथून नऊ, म्हणजे अकरा. पण क कडे आधीच चार आहे, मग अकरा कोणाला हवेत? सोडून दिलं. उरलेल्यांत लहान क, चार. चौकोन. क मधून ग, चार आणि पाच, नऊ. आता ग लहान. चौकोन. ग मधून च, बारा. ग मधून घ तेरा होतात, पण त्याच्याकडे दहा आहेत, सोडून दिलं. मग घ, दहा, चौकोन. तिथून च सोळा होतात, बारा बरे. शेवटी च, बारा. वाट अ, क, ग, च.

तिनं पेन खाली ठेवलं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. पूर्ण झाला! आयुष्यात पहिल्यांदा तिचा तक्ता घंटेच्या आधी पूर्ण झाला होता. योगेंद्रनंही कागद उलटा ठेवला होता आणि तो मोटरसायकलवर बसल्यासारखा पाय हलवत होता. मॅडम खुर्चीत बसून दोघांकडे बघत होत्या, आणि लिडियाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान होतं. देऊन टाकायचा कागद आणि व्हायचं मोकळं. शहाण्या मुलीनं तेच केलं असतं.

लिडिया खिडकीबाहेरच्या लाल पट्ट्याकडे बघत बसली. बघता बघता ती पुन्हा त्या सहा गावांत गेली, या वेळी काम नव्हतं म्हणून निवांत. क च्या दारात ती जरा थांबली. क ला पहिल्यांदा चार सांगितलं, आणि शेवटपर्यंत चारच राहिलं. घ ला दहा सांगितलं, दहाच राहिलं. च ला बारा सांगितलं, बाराच. तिनं सगळा तक्ता वरून खाली डोळ्यांखालून घातला. कुठेच खोडाखोड नव्हती. स्वच्छ, सुरेख, वहीच्या पहिल्या पानासारखा.

आणि तिला एकदम गलबलून आलं. असं कसं? ज्याला पहिल्यांदा जे सांगितलं तेच त्याच्या नशिबी राहिलं, एकाचंही अंतर कमी झालं नाही? मग तात्पुरतं हा शब्द कशासाठी? या रीतीची सगळी गंमत तर त्यातच होती. आधी लांबचं कळतं, मग कोणीतरी आडवाटेनं येऊन सांगतं की अरे, इकडून जवळ आहे, आणि जुना आकडा खोडून नवा लिहायचा. तपासायचंच असेल तर मास्तर हेच तपासेल. एकही आकडा खोडावा लागत नाही असा प्रश्न कुठला परीक्षक काढेल?

तिनं फोटो डोळ्यांजवळ घेतला. ख ते क. वर गोल डोकं, खाली वळलेलं शेपूट. इंग्रजी नऊ. की मराठी एक?

आता ही गोची दुसऱ्या कुणाला कळायची नाही. इथल्या पोरांचं गणित दहावीपर्यंत मराठी आकड्यांत, आणि अकरावीला विज्ञान घेतलं की एका रात्रीत इंग्रजी आकड्यांत. मराठी एक आणि इंग्रजी नऊ म्हणजे जुळी भावंडं. घाईत हात कधी जुन्या शाळेत परत जाईल त्याचा नेम नाही. अकरावीत लिडियानं स्वतः तीन चाचण्या अशाच घालवल्या होत्या.

एक धरला तर? तिनं कागदाला हात न लावता मनातच चालून बघितलं. ख पर्यंत दोन, तिथून क एक. तीन! चार खोडायचे. मग ग आठावर, मग च अकरावर. वाट अ, ख, क, ग, च. एक गाव जास्त लागतं, पण पोचतो लवकर. फरक तो काय, एकाचा. पण क च्या दारातलं ते चार खोडलं जातं, आणि त्याच्या पुढची सगळी गावं एकेक पाऊल जवळ येतात.

"मॅडम," ती उठून म्हणाली, "हा आकडा काय आहे?"

कामिनी मॅडमनी कागद बघितला, परत दिला. "चित्रात आहे तो. प्रश्नाबद्दल मी काही सांगायचं नाही, लिडिया. सर आले की विचार."

"सर आले की पेपर संपलेला असेल."

"मग तूच ठरव." आणि जरा थांबून, न राहवून, अगदी हलक्या आवाजात, "झालाय ना लिहून? मग आता शांत बस."

योगेंद्र मागून कुजबुजला, "नऊ आहे गं, बाकी सगळे आकडे इंग्रजी आहेत, बघ ना."

ते खरं होतं. चार इंग्रजी, पाच इंग्रजी, आठ इंग्रजी. एकटाच मराठी कसा असेल? डोळे सांगत होते नऊ. तक्ता सांगत होता एक. पूर्ण झालेला, पहिल्यांदाच पूर्ण झालेला कागद समोर होता, आणि तो खोडायचा म्हणजे तीन वर्षं एका शेपटावर टांगायची. आई म्हणाली असती, मुली, भाकरी भाजली आहे, तवा उतरव.

तिनं पानभर तिरकी रेघ मारली. मॅडमनी डोळे मिटून घेतले ते तिला दिसलं. मग नव्या पानावर तिनं वरती लिहिलं: ख ते क हे अंतर एक धरले आहे. आणि भराभर तक्ता उतरवला. क खाली चार लिहून तो खोडला आणि शेजारी तीन लिहिला, तेव्हा तिला खरंच कुणाचं तरी दार उघडल्याचा भास झाला. शेवटचा चौकोन पुरा होतो न होतो तोच भिकनदादांनी घंटा दिली.

चुनीलाल सर आले. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, खिशाला दोन पेनं. योगेंद्रला त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. मग लिडियाचा कागद घेतला. खोडलेलं पान बघितलं, नवं पान बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"ख ला दोनावर लगेच कायम केलंस. का? पुढे कुठून आणखी जवळची वाट निघाली असती तर?"

"निघणार नाही सर. दुसऱ्या कुठल्याही वाटेनं ख कडे यायचं तर आधी क मधून यावं लागतं, आणि तेव्हा क चारावर होता. चार चालून झाल्यावर पुढची वाट काही अंतर कमी करत नाही."

"आणि एखाद्या वाटेचा आकडा उणे असेल तर?"

"मग ही रीत चालणार नाही सर. मग चौकोन केलेलं गावही पुन्हा उघडावं लागेल."

"गाव?" सर म्हणाले. कामिनी मॅडमनी कपाळाला हात लावला.

"गोल," लिडिया म्हणाली. "चुकून म्हणाले."

"हं. आता हे सांग. आधी बारा येत होते. खोडलं कशाला?"

तिनं सांगितलं. नीट नाही सांगता आलं, शब्द एकमेकांत अडकले, पण सांगितलं. की पहिल्या तक्त्यात एकही आकडा खोडावा लागला नाही. की मग प्रश्न विचारण्यात काय अर्थ होता. की म्हणून तो नऊ नसणार, मराठी एक असणार.

सरांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले.

"नऊच आहे हा," ते म्हणाले. "मीच काढलाय. विसरवाडीला बस थांबली होती, मांडीवर कागद ठेवून काढला. नऊ."

लिडियाची नजर खोडलेल्या पानावरच्या तिरक्या रेघेवर गेली. कामिनी मॅडम पटकन म्हणाल्या, "सर, तिनं वर लिहिलंय, एक धरलाय म्हणून. आणि आकडा खरंच..." आणि मग त्या गप्प झाल्या, कारण बाहेरच्या परीक्षकापुढे आपल्या मुलीची रदबदली करायची नसते.

सर मात्र ऐकतच नव्हते. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, प्रश्नाच्या कागदाच्या मागे तक्ता आखला आणि स्वतःचाच प्रश्न सोडवायला बसले. अ शून्य. क चार, ख दोन. पेन पुढे पुढे सरकत गेलं. दहा. नऊ. बारा. एकदाही मागे आलं नाही. शेवटच्या चौकोनापाशी येऊन ते थांबलं आणि सरांनी पेनाचं टोपण हळूच लावलं.

"अरेच्चा," ते म्हणाले.

बाहेर कोणीतरी मिरचीची पोती ट्रकमध्ये टाकत होतं, त्याचे धपधप आवाज येत होते.

"इतकी वर्षं शिकवतोय," सर शेवटी म्हणाले, "आणि बसमध्ये बसून असा प्रश्न काढला की ज्यात विद्यार्थ्याला या रीतीची मुख्य पायरी यावीच लागत नाही. रीत नुसती पाठ असली तरी पास." ते रागावले होते, पण लिडियावर नाही. "मॅडम, तो दुसरा मुलगा?"

"योगेंद्र. त्याचं बारा."

"त्याचं बरोबर आहे. मी जे काढलं त्याचं त्यानं बरोबर उत्तर दिलं. त्याला पूर्ण गुण." मग ते लिडियाकडे वळले. "तुझं उत्तर माझ्या आकड्याप्रमाणे चूक. आकडा चुकीचा वाचलास, त्याचे गुण कापणार. नियम आहे."

"हो सर," लिडिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला.

"पण वाचताना चुकलीस, चालताना नाही. तक्ता पूर्ण बरोबर आहे, आणि जी पायरी मी विचारायला विसरलो ती तू करून दाखवलीस." त्यांनी गुणांचा तक्ता पुढे ओढला आणि काहीतरी लिहिलं. "पुढच्या वेळी..." आणि स्वतःशीच हसले. "पुढची वेळ नाही आता. पास आहेस. जा."

लिडिया कशी बाहेर आली ते तिला आठवत नाही. कामिनी मॅडम दारापर्यंत आल्या होत्या आणि त्यांनी तिच्या पाठीत एक चांगला धपाटा घातला होता, एवढं आठवतं. "पुन्हा असा जीव टांगणीला लावलास तर बघ," असं म्हणताना त्यांचेच डोळे भरून आले होते.

पायरीवर बसून तिनं वडिलांना फोन लावला. सॅम्युअल गावित त्या वेळी बारडोलीजवळच्या एका शेतात ऊस तोडत होते. फोन बराच वाजला. मग त्यांचा आवाज आला, धापा टाकत, त्यांच्या आपल्या घरच्या बोलीत. मागे कोयत्यांची खसखस ऐकू येत होती.

"बाबा," ती त्याच बोलीत म्हणाली, "पास झाले."

पलीकडे काही आलं नाही. तिला वाटलं रेंज गेली. पण कोयत्यांची खसखस येतच होती, आणि मग हळूहळू तीही थांबली, आधी जवळची, मग लांबची.

"परत सांग," सॅम्युअल म्हणाले. "मोठ्यानं सांग. फोन तुझ्या आईच्या कानाला लावतोय, तिला मी सांगितलं तर खरं वाटणार नाही."

लिडियानं डोळे पुसले, उभी राहिली, आणि कॉलेजच्या फाटकातून आत येणारी माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं सांगितलं.